पत्रक क्रमांक तीन : ‘मेलेल्या डोळ्या’चा छडा लागला

मंडळी, काटोलकडच्या बागेतून आलेल्या त्या जुन्या संत्रा-पत्रकाचं काम अडलं होतं, ते काल रात्री सुटलं. गेल्या नोंदीत ज्या ओळीपाशी थांबलो होतो तीच ही ओळ. तिच्यात दोन चुका एकमेकींच्या आडोशाला बसल्या होत्या, आणि उलट भाषांतर दोन्ही वेळा ‘सगळं ठीक’ म्हणत होतं. म्हणून आजची नोंद बहुतेक तिच्यावरच.

रीत तीच ठेवली आहे. पानाचं चित्र अक्षरं वाचणाऱ्या टेसरॅक्टला द्यायचं, निघालेल्या मराठी मजकुराचं यंत्राकडून इंग्रजी करून घ्यायचं, आणि ते इंग्रजी धरमपेठच्या मावशींकडे पाठवायचं. त्या निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिका. त्यांना मूळ पान दाखवायचं नाही, यंत्राने वाचलेलं मराठीही नाही. त्यांनी फक्त इंग्रजीवरून मराठी करायचं. मग ते मराठी आणि यंत्राने वाचलेलं मराठी शेजारी ठेवून मी ताडून बघतो. हेच ते उलट भाषांतर.

अडलेली ओळ कलमाच्या भागातली, खुंटावर दुसऱ्या झाडाचा डोळा भरण्याबद्दलची. यंत्राने ती अशी वाचली: ‘डोळा मरल्यावर तीन आठवड्यांनी पट्टी सोडावी.’ मावशींकडून आलं: ‘डोळा मेल्यावर तीन आठवड्यांनी पट्टी काढावी.’ अर्थ तंतोतंत जुळतो. नेहमीच्या नियमाने या ओळीपुढे बरोबरची खूण करून पुढे जायला हवं होतं. पण पुढचीच ओळ म्हणते की त्यानंतर डोळ्याच्या वर खुंट छाटावा. आता डोळा मेला असेल तर वरचा खुंट कशाला छाटायचा? मेलेल्या डोळ्याला जोर देऊन उपयोग काय? तिथे दुसऱ्या जागी पुन्हा डोळा भरतात, जंबेरीचा खुंट तोडत नाहीत.

धागा सापडला तो क्रियापदाच्या रूपात. छापील पत्रकात ‘मरल्यावर’ कोण लिहील? लिहिताना ‘मेल्यावर’ असंच लिहितात. आपल्याकडे बोलताना ‘मरल्यावर’ सर्रास कानावर येतं, म्हणून नजर त्यावरून सहज घसरते. मावशींनी मात्र इंग्रजीवरून लिहिताना आपोआप शुद्ध रूप लिहिलं. अर्थ एक, रूप वेगळं. आजवर मी असे फरक शैलीचे म्हणून सोडून देण्याच्या बाजूचा होतो. आता उलट ठरवलंय: अर्थ जुळला आणि रूप हललं, की त्या शब्दावर थेट मूळ चित्रात जाऊन बोट ठेवायचं.

मूळ पान चारपट मोठं करून बघितलं. पहिल्या अक्षराच्या डाव्या खांद्याशी शाईचा एक गोळा होता, आणि त्या गोळ्याच्या वरच्या कडेला केसाएवढी करडी फट. म्हणजे तिथे शिरोरेषा मुळात तुटलेली होती. अक्षर ‘म’ नव्हतं, ‘भ’ होतं. ‘डोळा भरल्यावर तीन आठवड्यांनी पट्टी सोडावी.’ झालं! डोळा भरला, तो जगला, तीन आठवड्यांनी पट्टी सोडली, मग डोळ्याच्या वरचा खुंट छाटला म्हणजे सगळा जोर नव्या फुटीला जातो. दोन्ही ओळी हातात हात घालून उभ्या राहिल्या. खुर्चीतून उठून घरभर फिरलो.

आता उलट भाषांतराने हे का पकडलं नाही, ते नीट मांडतो, कारण गटातल्या बऱ्याच जणांची रीत माझ्यासारखीच आहे. उलट भाषांतर तपासतं ती मराठी ते इंग्रजी ही वाट. यंत्राने चित्रातून मराठी वाचलं ती वाट त्याच्या आधीच संपलेली असते. ‘मरल्यावर’ एकदा मजकुरात शिरलं की इंग्रजीत डोळा प्रामाणिकपणे मरतो, आणि परत येताना तितक्याच प्रामाणिकपणे मेलेला परत येतो. भाषांतर जितकं चांगलं, तितकी वाचनातली चूक जास्त घट्ट बसते. म्हणून परत आलेलं मराठी यंत्राने वाचलेल्या मजकुराशी ताडून भागत नाही, ते चित्राशी ताडायला हवं. यातून चूक कुठे झाली तेही कळतं. परत आलेला मजकूर यंत्राच्या वाचनाशी जुळतो पण चित्राशी नाही, तर चूक वाचनाची. यंत्राचं वाचन चित्राशी जुळतं पण परत आलेलं वेगळं आहे, तर चूक भाषांतराची.

त्याच ओळीतली दुसरी चूक मात्र या दोन्हींत बसत नाही. इंग्रजीत ‘डोळा’ म्हणून ‘आय’ आला होता, माणसाच्या डोळ्यासाठी वापरतात तो. कलमाच्या डोळ्याला इंग्रजीत ‘बड’ म्हणतात. पण ‘आय’चं मराठी मावशी काय करणार? ‘डोळा’च. शब्दाला शब्द ठेवून केलेलं चुकीचं भाषांतर परतीच्या वाटेवर स्वतःच दुरुस्त होतं आणि मागे खूण ठेवत नाही. इथे उपाय एकच, बागेतल्या शब्दांची यादी आधी बांधून ठेवायची आणि इंग्रजी मजकुरातच ते शब्द शोधायचे: डोळा, खुंट, बहार, ताण, फूट. ‘ताण देणे’ म्हणजे बहार धरण्यासाठी पाणी तोडणं, तिथे इंग्रजीत मानसिक ताण आला तरी मावशींकडून ‘ताण’च परत येईल.

आता छोटासा आनंद. ‘भ’चा ‘म’ का झाला ते कळल्यावर वाटलं, शिरोरेषेतली फट भरली हेच कारण असेल तर ‘भ’ एकटा कसा बळी पडेल? देवनागरीत ‘ध’ आणि ‘थ’ यांचीही शिरोरेषा डावीकडे अशीच तुटते. ती फट बुजली की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘थ’चा ‘य’. एकाच शाईने, एकाच पानावर तिघांनाही धोका. मग यंत्राच्या मजकुरातले सगळे ‘म’, ‘घ’, ‘य’ शोधून जिथे दुसरं अक्षर ठेवल्यावरही शब्द बनतो तेवढे बाजूला काढले. आणि सापडले की हो! ‘चाकूला घार असावी’ हे मुळात ‘धार’ होतं. भाषांतर करणाऱ्या यंत्राने ते संदर्भावरून सावरून इंग्रजीत ‘चाकू धारदार असावा’ असं करून टाकलं होतं, त्यामुळे मावशींच्या मराठीत काहीच वावगं नव्हतं. दुसरीकडे ‘डिंक्याची साय’ होती. तिचं इंग्रजीत डिंकाच्या मलईसारखं काहीतरी झालं होतं, आणि मावशींनी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. मुळात ‘साथ’ आहे. डिंक्या रोगाची साथ आली की काय करावं, त्याचा परिच्छेद आहे तो.

‘ख’ फुटून ‘रव’ होतो त्याची फारशी भीती बाळगू नका. ‘खत’चं ‘रवत’ झालं की ते लगेच ओरडतं, कारण तसा शब्दच नाही. जपायचं ते अशा जोड्यांना, ज्यांच्या दोन्ही टोकांना खरा शब्द आहे.

आकडे तर उलट भाषांतरातून बिनबोभाट निघून जातात. खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टच्या ओळीत यंत्राने वाचलं: मोरचूद १ किलो, चुना ९ किलो, पाणी १० लिटर. इंग्रजीत तेच आकडे गेले, तेच परत आले. पण बोर्डो पेस्टचं प्रमाण मोरचूद आणि कळीचा चुना सारखे, आणि पाणी दसपट, हे आपल्यातल्या कुणालाही झोपेत विचारलं तरी येईल. चित्रात ‘१’ची खालची शेपटी पुसट झाली आहे, तिथेच ‘९’ झाला. आकड्यांसाठी भाषांतरावर विसंबायचंच नाही, प्रमाणावर जायचं.

फट का बुजली? पत्रक खिळ्यांच्या छपाईचं आहे, शाई मुळातच पसरलेली. त्यात मी ते सीताबर्डीतल्या एका दुकानातून स्कॅन करून आणलं होतं, आणि त्यांनी निव्वळ काळं-पांढरं करून दिलं. करड्या छटा गेल्या की ती केसाएवढी फटही गेली. स्कॅन करून घेताना ‘ग्रेस्केल’ सांगा, निदान ३०० डीपीआय, जुनी छपाई असेल तर ६००. मोबाईलच्या स्कॅनर ॲपचं ‘मजकूर ठळक करा’ बटणही बंद ठेवा, ते नेमकं फट बुजवण्याचंच काम करतं. आणि फोटोवरच भाषांतर चिकटवून दाखवणारी ॲप्स या कामाला मी वापरत नाही, कारण यंत्राने मधे नेमकं काय वाचलं तेच ती झाकून टाकतात.

मूळ पानाचा ग्रेस्केल स्कॅन आता घरच्या फ्लॅटबेडवर केला आणि टेसरॅक्ट ५ ला काळं-पांढरं वेगळ्या रीतीने करायला सांगितलं:

```
tesseract patrak03.png p3_a -l mar --psm 6
tesseract patrak03.png p3_b -l mar --psm 6 -c thresholding_method=2
diff p3_a.txt p3_b.txt
```

पहिली ओळ नेहमीची, कुठलं काळं आणि कुठलं पांढरं ते ठरवणारा एकच उंबरठा सगळ्या पानाला लावणारी. दुसरीतली सावोला पद्धत प्रत्येक ठिकाणी आजूबाजूचा उजेड बघून उंबरठा ठरवते. दुसऱ्या वाचनात ‘भरल्यावर’ बरोबर आलं, ‘धार’ही आली. ‘साथ’ दोन्हीकडे ‘साय’च राहिली, तिथे शाई खरंच पूर्ण बसली आहे, ती जागा डोळ्यांनीच वाचावी लागते.

हे लिहिता लिहिताच क्रम बदलावासा वाटतोय. ठरलं होतं की पत्रक चार आणि पाच आधी इंग्रजी करून मावशींकडे पाठवायची. त्याऐवजी आधी दोन उंबरठ्यांची वाचनं ताडायची, फरक पडला तिथे चित्र बघायचं, मग फटीच्या अक्षरांची छाननी, आणि त्यानंतरच इंग्रजी. मावशींचा वेळ भाषांतराच्या चुकांसाठी राखायचा, वाचनाच्या चुका त्यांच्यापर्यंत जायलाच नकोत. आणखी एक करून बघणार आहे: त्याच चित्रावर `-l mar` ऐवजी `-l hin` आणि `-l script/Devanagari`. वेगवेगळ्या शिकवणीची यंत्रं एकाच जागी एकच चूक करतीलच असं नाही, आणि जिथे तिघं भांडतील तिथेच बघायचं.

पत्रक चारमध्ये मृग बहाराचं कोष्टक आहे, आकड्यांनी भरलेलं, आणि त्यातले निम्मे रकाने वाळवीने खाल्लेले. कुणाकडे त्याच पत्रकाची दुसरी प्रत असेल तर कोष्टकाच्या पानाचा ग्रेस्केल स्कॅन पाठवा.