आजोबांचं मलकापूर नेमकं कोणतं?

मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता. 1954 चा. त्यावर गाव मलकापूर, जिल्हा बुलढाणा, राज्य मध्यप्रदेश. बाकी कागद भराभर जमले, अर्ज मात्र या एका ओळीवर अडला. "तुमचे आजोबा परराज्यातले, इथे नाही चालणार," असं खिडकीवरून ऐकवलं आणि फाईल परत केली. जे राज्य कागदावर आहे ते तेव्हा खरंच होतं, हे ऐकून घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. अजून आठवलं की संताप होतो.

1950 मध्ये जुन्या मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचं मध्यप्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूर. बुलढाणा त्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. म्हणजे गाव जागचं हललं नाही, राज्य बदललं. राज्य पुनर्रचना कायदा, 1956 च्या कलम 8 मध्ये मध्यप्रदेशातून मुंबईत आलेल्या जिल्ह्यांची नावं आहेत आणि त्यात बुलढाणा आहे. त्या पानाची प्रत काढली, बुलढाणा या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि अर्जाला जोडली. त्यानंतर फाईल पुढे सरकली.

तरी साहेबांची एक शंका उरलीच होती, की मलकापूर तर कराडजवळही आहे. खरंच आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. कराडचं सातारा जिल्ह्यात, तालुका कराड. कोल्हापूरचं शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडच्या जहागिरीचं जुनं ठाणं. आमचं मलकापूर मात्र स्वतःच तालुका आहे, रेल्वे स्टेशनही आहे. म्हणून तालुका आधी बघा, तिथेच निम्मा प्रश्न सुटतो. पिन कोडही मदत करतो, आमचा 443101.

इंटरनेटवर नुसतं "मलकापूर" टाकून मिळालेली माहिती अर्जात घालू नका. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेचं जे कौतुक वाचायला मिळतं ते कराडच्या मलकापूरचं, बुलढाण्याचं नव्हे. गावापुढे तालुका, जिल्हा, राज्य लिहूनच शोधा, आणि कागद जुना असेल तर त्या सालचं राज्य. सातारा बाजूचा असेल तर 1949 ते 1960 दरम्यान जिल्हा "उत्तर सातारा" असा दिसेल. तोही दुसरा जिल्हा समजून कुणी नाकारला तर ऐकू नका.

आणि हो, जुना दाखला लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूलाही शिक्का असतो, आमच्या दाखल्यावर "ता. मलकापूर" तिथेच होतं.