अजिंठ्याच्या अंधारात शटर किती मंद चालतं?

फर्दापूरच्या टी-जंक्शनला गाडी लावायची, तिथून बसने लेण्यांच्या पायथ्याशी जायचं, तिकीट काढायचं आणि पायऱ्या चढायच्या. सोमवारी लेणी बंद असतात. लेणं क्रमांक १ सुरुवातीलाच येतं. त्यामुळे बहुतेक लोक धापा टाकतच आत शिरतात आणि पद्मपाणीसमोर लगेच कॅमेरा उचलतात. तिथेच निम्मे फोटो हलतात. श्वास जागेवर यायला दोन-तीन मिनिटं द्यावीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायलाही तेवढा वेळ लागतोच.

आत फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे भिस्त हातावर आणि हाताची हालचाल सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनवर. पद्मपाणीसाठी ५० मिमी लेन्स लावली, एफ २.८, आयएसओ १६००, तर मीटर १/८ सेकंदाच्या आसपास येत होता. स्टॅबिलायझेशन नसतं तर जितके मिमी फोकल लांबी तितकावा भाग सेकंद या जुन्या नियमाने १/५० धरावं लागलं असतं, आणि आयएसओ थेट १०,०००च्या घरात. चित्रातल्या बारीक रेषा आणि उडालेल्या रंगाचा पोत तिथे नॉइजमध्ये बुडतो. एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट. १/५०चं १/२५, मग १/१३, मग १/६ असे तीन स्टॉप होतात, म्हणजे १/८ हा अडीच स्टॉपांपेक्षा किंचित जास्तच. आजकालच्या कॅमेऱ्यांच्या खोक्यांवर सात-आठ स्टॉप छापलेले असतात, त्या मानाने हे किरकोळ वाटतं.

पण ते आठ स्टॉप खरे धरले तर १/५०चे पाच सेकंद होतात. पाच सेकंद कॅमेरा हातात धरून पाहा! तो आकडा सीपा या जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या चाचणीतला असतो. कॅमेरा ठराविक पद्धतीने हलणाऱ्या यंत्रावर बसवतात आणि चित्र किती पसरलं ते मोजतात. यंत्र दमत नाही, त्याला छताकडे मान वर करून उभं राहावं लागत नाही आणि मागून कोणी खांदा लावत नाही. शिवाय फोकल लांबीचा तो नियम फिल्मच्या छोट्या प्रिंटसाठी होता. ४५ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण आकारात पाहायचा असेल तर ५० मिमीला सुरुवातच १/१०० पासून धरावी. एक स्टॉप तिथेच गेला.

आता स्टॅबिलायझेशन बॉडीत हवं की लेन्समध्ये हा वाद. हात हलतो तेव्हा कॅमेरा नाक खाली-वर करतो, डावी-उजवीकडे वळतो आणि लेन्सच्या अक्षाभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. शिवाय अख्खा कॅमेरा थोडा सरकतोही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन एका भिंगगटाला हलवून पहिल्या दोन हालचाली सावरतं. अक्षाभोवतीचं फिरणं त्याला सावरता येत नाही, कारण गोल भिंग फिरवून चित्र फिरत नाही. ते काम सेन्सर फिरवणाऱ्या बॉडीचंच.

उलट, लांब लेन्सवर बॉडी अपुरी पडते, आणि यामागे साधं गणित आहे. हात अर्धा अंश वळला तर २४ मिमी लेन्समध्ये प्रतिमा सेन्सरवर सुमारे ०.२ मिमी सरकते, ४०० मिमीला तीच साडेतीन मिमी. तेवढं अंतर सेन्सरला धावायला जागाच नसते. म्हणून वाघूर नदीपलीकडच्या व्ह्यू पॉइंटवरून घोड्याच्या नालासारख्या कड्यातली लेणी लांब लेन्सने टिपायची असतील तर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन उपयोगी. आत ५० मिमीपर्यंतच्या लेन्सला बॉडीचं पुरतं. दोन्ही असतील आणि एकाच कंपनीचे असतील तर साधारणपणे ते काम वाटून घेतात. जुनी, इलेक्ट्रॉनिक संपर्क नसलेली लेन्स लावली तर मेनूमध्ये फोकल लांबी हाताने भरावी लागते. ५० मिमी लावून ८५ भरलं तर सेन्सर गरजेच्या १.७ पट हलतो, म्हणजे आधीच्या हादऱ्याचा ७० टक्के भाग उलट्या दिशेने शिल्लक राहतो. स्टॅबिलायझेशन चालू असूनही फोटो हललेले येतात आणि कारण लवकर सापडत नाही.

क्रमांक २६च्या लेण्यात डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची भलीमोठी मूर्ती आहे. ती पूर्ण घ्यायला २४ मिमी लागते आणि वाइड लेन्सची खोट इथे दिसते. बुद्धाचा हात मधोमध स्वच्छ, पण चौकटीच्या कोपऱ्यातले भिक्षू पुसट. वाइड लेन्समध्ये कोपरे ताणलेले असतात, त्यामुळे कॅमेरा वळला की कोपऱ्यातली प्रतिमा मध्यापेक्षा जास्त सरकते. सेन्सर मात्र अख्खा एकाच मापाने हलतो. मध्य बरोबर झाला की कोपरा चुकतोच. म्हणून अशा ठिकाणी ५० मिमीवर जमलेले स्टॉप तसेच गृहीत धरू नयेत. १/६ पर्यंत ठीक, त्याहून मंद गेलात तर कोपरे मोठे करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोठं करून पाहताना खुणा ओळखता आल्या पाहिजेत. सगळ्या कडा एकाच दिशेने दुहेरी दिसल्या तर हात हलला. मध्य नीट आणि कडेला छोट्या कमानींसारखे ओघळ असतील तर कॅमेरा अक्षाभोवती फिरला; शटर दाबताना बोटाचा झटका बसला की असं होतं. सगळं सारखंच मऊ असेल तर फोकस चुकला. भिंत स्वच्छ आणि फक्त माणसं पुसट असतील तर त्यात स्टॅबिलायझेशनचा काही दोष नाही. चालत्या माणसाला १/८ला कोणीच थांबवू शकत नाही.

झटका टाळण्यासाठी बटण अर्धं दाबून अर्धा-एक सेकंद थांबावं, म्हणजे यंत्रणा स्थिरावते, आणि मग बोट न उचलता तीन-चार फोटोंचा सलग मारा करावा. पहिल्या फोटोत दाबण्याचा धक्का असतो. दुसरा-तिसरा बहुतेकदा जास्त स्वच्छ निघतो. मेकॅनिकल शटरचा स्वतःचा हादराही काही कॅमेऱ्यांत १/१५ ते १/१२५ दरम्यान त्रास देतो, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन चालू ठेवावं. खांबाला टेकायचं नाही, तिथे रंग आहेत. कोपरं बरगड्यांना लावली आणि पट्टा मानेवर ताणून धरला तरी बराच फरक पडतो.

किती स्टॉपवर विसंबायचं हे घरीच मोजता येतं. संध्याकाळी पुस्तकाच्या कपाटासमोर उभं राहून १/२५, १/१३, १/६, १/३ आणि ०.६ सेकंदाला प्रत्येकी दहा फोटो घ्यायचे आणि १०० टक्क्यांवर पुस्तकांच्या कण्यांवरची अक्षरं पाहायची. दहातले आठ स्वच्छ असतील तो वेग एका फोटोसाठी. दहातले पाच असतील तिथे एकावर भरवसा नाही, पण चार घेतले तर सगळेच हलण्याची शक्यता सोळात एक. आम्ही ५० मिमीसाठी खोक्यावरच्या आकड्यातून तीन वजा करतो, मान वर करून छत टिपताना चार.

पावसाळ्यात गेलात तर लेण्यांजवळच्या सप्तकुंड धबधब्यावर उलटा खेळ होतो. तिथे पाणी मुद्दाम पुसट हवं असतं आणि खडक स्वच्छ. २४ मिमीवर अर्धा सेकंद म्हणजे १/२५ पासून साडेतीन स्टॉप, तेवढं हातात जमतं. दिवसाच्या उजेडात त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागेल. लेन्सवर उडालेला तुषार मात्र दर दोन फोटोंनंतर पुसत राहा.