उत्तरा फाल्गुनीजवळची रेघ

मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. १४ डिसेंबर २०२३ च्या रात्री, जेमिनिड उल्कावर्षावासाठी, आम्ही जुन्नरपलीकडे घाटघरला कॅमेरा लावला होता. नुकतीच अमावास्या झाली होती, त्यामुळे आकाश काळंभोर मिळालं. कॅमेरा आभाळाकडे तोंड करून स्थिर, सेकंदाला २५ फ्रेम, चित्र १२८० बाय ७२०. एक पिक्सेल म्हणजे आकाशातला साधारण ०.०५ अंश.

प्रत्येक फ्रेममधून आधीची फ्रेम वजा करायची, हे आमच्या प्रोग्रामचं मुख्य काम. तारे दोन्हींत जागच्या जागी असतात, ते वजाबाकीत जवळजवळ पुसले जातात. जे नव्यानं उजळलं तेवढं उरतं.

```python
d = cv2.subtract(now, prev)
_, m = cv2.threshold(d, 28, 255, cv2.THRESH_BINARY)
```

इथं २८ हा उंबरठा, त्याहून जास्त उजळलेले पिक्सेलच धरायचे. तो आकडा नेमका का, हे मी मुलांकडून काढून घेते. आमच्या कॅमेऱ्यात अंधारातल्या पिक्सेलची किंमत सुमारे ४ एककांनी वरखाली होते. दोन फ्रेम वजा केल्या की तो गोंधळ २ च्या वर्गमुळाच्या पटीत वाढून ५.७ च्या आसपास जातो. उंबरठा त्याच्या तिप्पट ठेवला, तर सव्वानऊ लाख पिक्सेलमधले हजारभर पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये उगाच चमकतात. पाचपट ठेवला, तर चार-पाच फ्रेममागे एखादाच. २८ म्हणजे ती पाचपट.

एक त्रास मात्र उंबरठ्यानं जात नाही. कॅमेरा व्हिडिओ दाबून साठवतो आणि दर दोन सेकंदांनी एक फ्रेम संपूर्ण नव्यानं लिहितो. त्या क्षणी वजाबाकीत सगळीकडे चौकटी-चौकटींचा पुरळ उठतो. एकाच वेळी चित्रभर बदल दिसला की ती फ्रेम सोडून द्यायची, हाच त्यावरचा उपाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. प्रोग्रामच्या यादीबरोबरच आम्ही दर मिनिटाचं एक चित्र बनवतो. त्या मिनिटात प्रत्येक पिक्सेल जास्तीत जास्त जितका उजळला, ती किंमत त्यात राहते. पहाटे ५:२५ च्या चित्रात, जवळजवळ डोक्यावर, उत्तरा फाल्गुनीशेजारी एक सुरेख रेघ होती. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये तेजस्वी, १६० पिक्सेल लांब. मागं वाढवली तर थेट कॅस्टर ताऱ्याकडे, म्हणजे जिथून जेमिनिड उल्का येताना दिसतात त्या उगमबिंदूकडे जात होती. आणि प्रोग्रामच्या यादीत ती नव्हतीच.

"मॅडम, रात्रीतली सगळ्यात छान उल्का प्रोग्रामनं सोडली," ती म्हणाली.

आम्ही हिशेब मांडला. जेमिनिड सेकंदाला ३५ किलोमीटर वेगानं येतात आणि १०० किलोमीटरच्या आसपास जळतात. ती जागा उगमबिंदूपासून ६० अंशांवर होती. तिथं उल्का सेकंदाला १७ अंश तरी धावायला हवी, म्हणजे दर फ्रेमला तेरा-चौदा पिक्सेल. १६० पिक्सेल म्हणजे ८ अंश, ते अर्ध्या सेकंदात संपले असते.

मग फ्रेम एकेक करून बघितल्या. ठिपका दर फ्रेमला पाऊण पिक्सेलसुद्धा सरकत नव्हता. ठिपका स्वतःच तीनेक पिक्सेल रुंद, त्यामुळे लगतच्या फ्रेम वजा केल्यावर पुढच्या कडेची एक पुसट कोर उरत होती, आणि ती २८ च्या खालीच राहायची.

"उगमबिंदूजवळच्या उल्का सावकाश दिसतात ना?" तिनं विचारलं. शंका रास्त होती. तिथं उल्का जवळपास आपल्या रोखानंच येते, म्हणून हळू वाटते. पण तिची रेघही आखूड होते, आणि जळण्याचा वेळ काही वाढत नाही. ही रेघ पूर्ण व्हायला दहा सेकंद लागले होते.

म्हणून मी `prev` ऐवजी २५ फ्रेम आधीचं चित्र वजा करायला सांगितलं. आता ठिपका आपल्या जुन्या जागेपासून १६ पिक्सेल दूर, स्वच्छ आणि पूर्ण दिसला. सेकंदाला ०.८ अंश. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह डोक्यावरून जाताना याच वेगानं जातो. वेळही जुळत होती: सूर्य उगवायला दीड तास होता, तेव्हा आपल्या माथ्यावर पृथ्वीची सावली चारेकशे किलोमीटरपर्यंतच पोचते. त्याच्या वरचा उपग्रह उन्हात असतो. एखादा पृष्ठभाग क्षणभर योग्य कोनात आला की तो उजळतो आणि विझतो, म्हणून रेघेची टोकं निमुळती. कॅस्टरची दिशा निव्वळ योगायोग.

तिचा चेहरा जरा पडला, पण तासाभरात तिनं दुसरी वजाबाकी अख्ख्या पहाटेवर चालवली आणि उपग्रहांची वेगळी यादी काढली. मला ती यादी उल्कांच्या यादीइतकीच मोलाची वाटते.

एका कॅमेऱ्यावरून उंची मात्र मोजता येत नाही. वेगावरून फक्त अंदाज बांधता येतो. दुसरा कॅमेरा ३५ किलोमीटरवर ठेवला, तर १०० किलोमीटरवरची उल्का ताऱ्यांच्या तुलनेत वीसेक अंश सरकलेली दिसेल आणि असा उपग्रह साडेतीन-चार अंश. नारायणगावच्या बाजूला एका गच्चीची परवानगी मी मागितली आहे.