प्रिन्सिपलना लिहिलेलं अभ्यास रजेचं पत्र आणि माझे २२ तास

इकडे येऊन शाळेत लागले तेव्हाच सांगितलं होतं की गणिताची पदवी ठीक आहे, पण कायम व्हायचं तर शिक्षक प्रशिक्षणाची डिग्री करावी लागेल. दोन वर्षांचा पार्ट-टाइम कोर्स घेतला, बरंचसं संध्याकाळी आणि ऑनलाइन होतं त्यामुळे निभावलं, पण सरावपाठाचे सलग ८ आठवडे आले आणि ते दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या मार्गदर्शक शिक्षकाच्या हाताखाली करायचे होते. स्वतःच्या वर्गावर केलेले तास त्यात धरत नाहीत. म्हणजे रजा मागण्यावाचून इलाज नव्हता.

गावाकडच्या दोन-तीन शिक्षक मैत्रिणींनी विचारलंय की पत्रात नेमकं काय लिहिलंस, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला, पानभर. त्यातलं पाऊण पान मला हा कोर्स का करायचाय, शिकवण्याची मला किती ओढ आहे यावर होतं, आणि शेवटी एक ओळ, "माझ्या गैरहजेरीत सहकारी माझे तास सांभाळून घेतील." प्रिन्सिपल मॅडमनी शांतपणे वाचलं, पेन्सिलीने त्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "कोणते सहकारी? त्यांना विचारलंयस?" मी कुणालाच विचारलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तुझा कोर्स चांगला आहे हे मला मान्यच आहे, माझ्या डोक्यात प्रश्न वेगळा आहे, सोमवारी पहिल्या तासाला त्या वर्गात कोण उभं असणार.

मग मी वेळापत्रक घेऊन बसले. माझे आठवड्याला २२ तास: सहावीचे ५, सातवीच्या दोन तुकड्यांचे ५-५, नववीचे ५, आणि कच्च्या मुलांसाठीचे जादा २. आठ आठवडे म्हणजे १७६ तास. हा आकडा कागदावर दिसल्यावर मलाच कळलं की "सांभाळून घेतील" म्हणजे मी लोकांचे किती ऑफ तास मागत होते. पाच जणांत वाटले तरी प्रत्येकाला आठवड्याला चार-पाच तास जादा, दोन आठवडे सगळे हसतमुखाने घेतील, तिसऱ्या आठवड्यापासून कुणी आजारी पडलं की सगळं कोलमडणार. म्हणून ठरवलं, सहकाऱ्यांचा भार एका तासानेही वाढवायचा नाही, बदली शिक्षकच मागायचा.

पण बदली शिक्षक नववीला नको वाटत होता. नववीचा बीजगणिताचा मोठा भाग नेमका त्याच आठवड्यांत येत होता आणि नवीन माणसाला मुलांची नावं पाठ होईपर्यंतच पंधरवडा जातो. यावर तोडगा सापडला तो अदलाबदलीचा. आमच्या विभागातल्या एका सीनियर सरांकडे आठवीची एक तुकडी होती, तिचेही ५ तास, आणि तिथे उजळणीचा भाग चालू असणार होता. सरांनी माझी नववी घ्यायची, बदली शिक्षकाने सरांची ती आठवी. सरांचे तास तेवढेच राहतात. बदली शिक्षकाकडे माझ्या सहावी-सातवीचे १५ आणि सरांचे ५, एकूण २०. जादाचे २ तास मी पुढे ढकलले, १६ तास होतात, ते परत आल्यावर आठवड्याला दोन जास्तीचे असे ८ आठवड्यांत भरून काढेन असं लिहून दिलं. सरांशी आधी बोलले, त्यांनी दोन दिवस विचार केला, मग त्यांचं दोन ओळींचं संमतीपत्र पत्राला जोडलं.

दुसऱ्या पत्राचा गाभा मराठीत असा होता:

"मा. प्रिन्सिपल मॅडम, शिक्षक प्रशिक्षण पदवीच्या सरावपाठासाठी मला सत्राच्या तिसऱ्या सोमवारपासून दहाव्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे ८ आठवडे, अभ्यास रजा मिळावी ही विनंती. पगारी रजा शक्य नसल्यास बिनपगारी रजाही मला मान्य आहे. विद्यापीठाचं तारखांसह पत्र सोबत जोडलं आहे. माझ्या २२ तासांची प्रस्तावित व्यवस्था पुढील पानावर आहे. सहाव्या आठवड्यातल्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना मी रजेआधी देईन. अकराव्या सोमवारी कामावर रुजू होईन."

बस, एवढंच. कोर्स का करायचाय ते आता एका वाक्यात, व्यवस्था दुसऱ्या अख्ख्या पानावर. बिनपगारीचं वाक्य लिहायला जड गेलं, घरी हिशोब करूनच लिहिलं, पण ते नसतं तर पत्र "पगाराचं बघावं लागेल" म्हणून वरच्या ऑफिसात पडून राहिलं असतं. ज्यांना बिनपगारी झेपणार नाही त्यांनी मात्र हे वाक्य घालू नये, एकदा लिहून दिलं की तेच मिळतं.

चाचणीचा मुद्दा सरांमुळे सुचला. नुसती प्रश्नपत्रिका देऊन भागत नाही, बदली शिक्षक पायऱ्यांना मार्क देईल की फक्त उत्तराला, यावरून एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांत फरक पडू शकतो आणि मग पालक विचारायला येतात. म्हणून प्रत्येक पायरीला किती गुण ते लिहून दिलं आणि बदली शिक्षकाने तपासलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातले ५ पेपर सरांनी पुन्हा बघायचे असं ठरलं.

एक गोष्ट मॅडमनी खोडली. मी लिहिलं होतं, "फोनवर कधीही उपलब्ध राहीन." त्या म्हणाल्या, मग ती रजा कसली, तिकडे तुझे पाठ चालू असताना इकडून फोन येतील आणि दोन्हीकडचं बिघडेल. त्याऐवजी गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास, तोही फक्त बदली शिक्षकासाठी, असं लिहिलं. आणि त्यांनी स्वतःहून एक भर घातली: बदली शिक्षक रजेच्या आधीच्या गुरुवारी-शुक्रवारी येईल, गुरुवारी मागे बसून बघेल, शुक्रवारी तो शिकवेल आणि मी मागे बसेन. हे दोन दिवस मागायचं मला सुचलंच नव्हतं, आणि खरं सांगते, अख्ख्या व्यवस्थेत सगळ्यात उपयोगी तेच पडले.

त्या शुक्रवारी मागच्या बाकावर बसून मी हँडओव्हरची फाइल पुन्हा लिहिली. आधी तिच्यात धडे, पानं, तारखा एवढंच होतं. मागून बघताना दिसलं की सातवीतली एक मुलगी उत्तर येत असूनही हात वर करत नाही, वहीच्या कोपऱ्यात उत्तर लिहून वही थोडी पुढे सरकवते, आणि मी इतके दिवस सवयीने तिकडे बघत होते म्हणून ते कुठे लिहावंसं वाटलंच नव्हतं. नव्या सरांना ते कळणं शक्य नव्हतं, त्यांनी दोनदा तिच्याकडे बघून पुढच्याला विचारलं. मग प्रत्येक तुकडीच्या बैठकीच्या नकाशावर अशा मुलांच्या नावापुढे एकेक ओळ लिहिली. तिच्या नावापुढे लिहिलं, "वही बघा."

पत्र दिलं होतं रजेच्या १० आठवडे आधी, मंजुरी आली पत्र दिल्यापासून तिसऱ्या आठवड्यात, कारण वेळापत्रक बसवणाऱ्यांना आणि बदली शिक्षक शोधायला तेवढा वेळ लागलाच. दुसरा मसुदा द्यायला आणखी महिनाभर उशीर केला असता तर माणूस मिळाला नसता असं ऑफिसातल्या बाईंनी नंतर सांगितलं.