मस्टरवरचं पेन्सिलीतलं नाव

जळगाव एमआयडीसीतल्या दहा-बारा छोट्या युनिट्सचे पगारपत्रक, पीएफ, मस्टर असली कामं मी करतो. मार्च २०२४ मधे एका चटई कारखान्याचं मस्टर तपासत होतो. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने एक नाव होतं. पेनाने का नाही, विचारलं तर शेठ म्हणाले, "ती इंटर्न आहे भाऊ, शिकायला येते."

ती अमळनेरहून रेल्वेने अप-डाऊन करायची. बी.कॉम. झालेली. महिना तीन हजार, त्यातही पासाचे पैसे तिचेच. शेठ बाहेर गेले तसं तिने हळूच विचारलं, "भाऊ, मी तर कामगार नाही ना. मग तक्रार करता येते का? केली तर सर्टिफिकेट भेटेल ना?"

मी टॅली उघडायला सांगितलं. तिचा वेगळा युजर होता आणि एडिट लॉग चालू होता. सकाळी साडेनऊची पहिली नोंद, संध्याकाळी साडेसहाची शेवटची, आठ महिने. विक्रीची बिलं, बँक जुळवणी, सगळं तिचंच. आधीचा अकाउंटंट जूनमधे सोडून गेला होता, ही जुलैत आली. याला शिकणं म्हणायचं?

शेठना सांगितलं, शिकाऊ म्हणायचं असेल तर शिकाऊ उमेदवार कायद्याचा नोंदवलेला करार दाखवा. तो असता तर किमान वेतन कायदा लागला नसता. पण पदवीधराला तेव्हाही किमान नऊ हजार द्यावे लागले असते. करार नव्हताच. म्हणजे "इंटर्न" हे नुसतं नाव, काम क्लार्कचं. तिला किमान वेतन मागता येत होतं, आणि ते नऊ हजारांहून जास्त निघत होतं.

शेठ म्हणाले, "मागच्या तारखेचा करार बनवून द्या." नाही म्हणालो. खरं सांगतो, पोटात गोळा आला. महिन्याची फी त्यांच्याकडूनच येते.

तिला मात्र घाई करायला सांगितली. तेव्हाच्या कायद्यात पगार देय झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागे. उशिराचं सबळ कारण दाखवलं तरच सूट. जुलै-ऑगस्टचा पगार मुदतीबाहेर गेलाच होता, सप्टेंबरचा एप्रिलच्या सुरुवातीला जाणार होता. (आता वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षं आहे.) लॉगचे आणि रेल्वे पासांचे फोटो, बँकेत आलेल्या तीन हजारांच्या नोंदी, एवढं जमवून ठेव म्हटलं. सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय कुठे आहे तेही सांगितलं.

अर्ज झालाच नाही. आठवड्याने शेठनी नऊ हजारांच्या हिशोबाने आठ महिन्यांचा फरक, अठ्ठेचाळीस हजार, दिला. हक्क याहून मोठा आहे हे मी तिला सांगितलं होतं. तिने पैसे घेतले, सर्टिफिकेट घेतलं. त्यावर "इंटर्न" असंच लिहिलंय.