थकबाकीची आठवण करून देण्याआधी बँक स्टेटमेंट उघडा: माझा अनुभव

सोसायटीचा खजिनदार झालो आणि पहिलाच सल्ला मिळाला, "थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाका, दोन दिवसांत पैसे येतील." पैसे कदाचित आलेही असते. पण ती यादीच चुकीची होती, आणि याचा राग मला अजून आहे.

यादी आमच्या बाहेरच्या अकाउंटंटकडून यायची. त्यात एका ज्येष्ठ सभासदांच्या नावापुढे ९,९६९ रुपये ८१ पैसे बाकी दिसत होती. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो, मुलाने तेव्हाच भरलेत." आणि खरंच भरले होते. मुलाच्या खात्यातून बिलाचे ९,००० रुपये आले होते, पण नोंदीत फ्लॅट नंबर नव्हता आणि आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर होतं. कोणाचे ते कळलं नाही म्हणून अकाउंटंटने ते 'सस्पेन्स' खात्यात टाकून दिले. सोसायटीचे पैसे बँकेत, सभासद मात्र थकबाकीदार!

व्याजही चुकीचं लागलं होतं. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के, तेही सरळ व्याज लावता येतं. ९,००० वर तिमाहीला ४७२ रुपये ५० पैसे, म्हणजे दोन तिमाहींचे ९४५. अकाउंटंटच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या तिमाहीत आधीच्या व्याजावरही व्याज धरलं होतं. फरक पंचवीस रुपयांचा, पण असा आकडा ग्रुपवर गेला असता तर पुढचं प्रत्येक बिल वादात सापडलं असतं.

दुरुस्तीला मात्र अंत नव्हता. "तिमाही संपली की सगळ्या नोंदी एकदम करतो," हे अकाउंटंटचं उत्तर मी किती वेळा ऐकलं असेल! तोवर पैसे भरलेल्या माणसाला आठवण पाठवायची कोणत्या तोंडाने? शेवटी बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेऊन मीच जुळवणीला बसलो. रकमेवरून काही कळत नाही, कारण आमच्याकडे बहुतेक फ्लॅट सारखेच, बिलंही सारखीच. उपयोग होतो तो मागच्या तिमाहीचा: तेच नाव, तीच बँक आधी कोणत्या फ्लॅटच्या खात्यात जमा झाली होती ते पाहायचं. बरीचशी जमा रक्कम तिथेच उलगडली. उरलेल्यांसाठी अंदाजाने कोणाच्या नावावर काही टाकलं नाही. विचारलं. भरलेले चेक वटले का तेही स्टेटमेंटमध्येच दिसतं, नुसत्या पावतीपुस्तकावर जाऊ नका.

जुळवणी झाल्यावर यादी चांगलीच आखडली. मग उरलेल्यांना एकेकट्याला निरोप पाठवला, तोही फ्लॅटच्या मालकाला. भाडेकरूला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला नाही. मजकूर असा होता:

"नमस्कार. एप्रिल ते जून तिमाहीचं आपलं ९,००० रुपयांचं बिल सोसायटीच्या नोंदीत जमा दिसत नाही. आपण भरलं असेल तर तारीख आणि यूटीआर नंबर कळवावा, लगेच नोंद करतो. राहिलं असेल तर कधीपर्यंत जमेल ते सांगावं."

'तुम्ही भरलं नाही' आणि 'नोंदीत दिसत नाही' यांत फार फरक आहे. पहिल्याला माणूस भांडायला उठतो, दुसऱ्याला स्टेटमेंट शोधायला. एका सभासदांनी नोकरी गेल्याचं सांगितलं आणि हप्ते मागितले. ग्रुपवर त्यांनी हे कधीच लिहिलं नसतं. कमिटीत हप्ते मंजूर केले. व्याज मात्र मी तोंडी माफ करत नाही, तो खजिनदाराच्या एकट्याच्या हातातला विषय नाही.

ग्रुपवर मी फक्त सगळ्यांना लागू होणारंच लिहितो: बिलं निघाली, शेवटची तारीख अमुक, रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर आणि तिमाही लिहा. 'काही सभासदांनी अजून भरलेलं नाही' हे वाक्य टाळतो, कारण छोट्या इमारतीत ते 'काही' कोण हे लगेच कळतं. हो, आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायला अगदी सुरुवातीलाच मनाई करा. दहा जणांनी टाकले की न टाकणारे आपोआप उघडे पडतात. स्क्रीनशॉट खजिनदाराच्या नंबरवर यावेत.

इतकं करूनही दाद न देणारे असतातच. त्यांना बिल, व्याज आणि जमा वेगवेगळे दाखवणारी लेखी नोटीस देऊन पोच घेतो. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज करता येतो. तिथे बिलं, नोटिसा आणि खातेउतारा लागतो, ग्रुपवरचे मेसेज नाही.

अकाउंटंटशी आता लेखी ठरवलं आहे: सस्पेन्समध्ये गेलेली प्रत्येक रक्कम महिना संपताच मला कळवायची, आणि तिचा उलगडा होईपर्यंत थकबाकीची यादी काढायची नाही.