जास्त जातं त्या दिवसांची गोळी

"पाळीत फार जातं तेव्हाच तुम्ही ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या घेता ना? त्या नेमक्या कधी नि किती घ्यायच्या? आणि मी घेतल्या तर चालतील का?"

पहिल्या महिन्यात मी त्या चुकीच्या घेतल्या होत्या, तिथूनच सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक, रात्री झोपताना एक. फरक शून्य. डॉक्टरांकडे जाऊन "लागू पडत नाही" म्हटलं, तर त्यांनी मी घेतलेल्या गोळ्या मोजायला लावल्या. गोळी 500 मिलिग्रॅमची, दोन म्हणजे एक ग्रॅम. चिठ्ठीत होतं एका वेळी दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, म्हणजे तीन ग्रॅम. दिवसाला सहा गोळ्या हा आकडा वाचून मी दचकले होते आणि आपल्या मनानेच कमी केल्या होत्या.

ही गोळी रक्त घट्ट करत नाही. फुटलेल्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी शरीर गुठळीचं बूच बसवतं आणि मग ते विरघळवतंही. ज्यांना पाळीत जास्त जातं त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या गर्भाशयात हे विरघळवणं जरा जास्तच जोरात चालतं. गोळी ते रोखते, बूच टिकतं. मात्र लघवीवाटे ती काही तासांतच निघूनही जाते. म्हणून सकाळी आणि रात्री घेतली की मधली दुपार उघडी पडते, आणि माझी दुपारच सगळ्यात वाईट असायची.

आता माझ्या वेळा ठरलेल्या आहेत: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री साडेदहा. मळमळ होते म्हणून मी पोटात काहीतरी असताना घेते. औषधाला त्याची गरज नसते. मध्यंतरी दुपारचा डोस विसरले आणि पाचला आठवला. तेव्हा दोन गोळ्या घेतल्या आणि रात्रीचा डोस अकराच्या पुढे ढकलला, कारण दोन डोसांत सहा तास तरी हवेत. राहिलेला डोस पुढच्यात मिसळून चार गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत.

सुरुवात कधी करायची, यात बऱ्याच जणी गोंधळतात. पाळी येणार म्हणून आदल्या दिवशी घेऊन काही साधत नाही. मागच्या महिन्याचंच बघा: पहिल्या दिवशी दुपारी नुसतं लागायला लागलं, काही घेतलं नाही. रात्री जोर वाढला तेव्हा पहिला डोस घेतला. दुसरा आणि तिसरा दिवस तिन्ही वेळा. चौथ्या दिवशी सकाळी पॅड जेमतेम भिजलं होतं, म्हणून बंद. चार दिवस ही माझ्या चिठ्ठीतली कमाल मर्यादा आहे, पुरा करायचा कोटा नव्हे. (काही देशांत गोळी 650 मिलिग्रॅमची असते आणि पाच दिवसांपर्यंत देतात, त्यामुळे दुसरीची चिठ्ठी आपल्याला लागू करू नका.) जाणं थांबत नाही, साधारण निम्म्यावर येतं. दर तासाला बदलावा लागणारा पॅड मला आता दोन-अडीच तास पुरतो. पोटदुखी मात्र होती तशीच आहे, आणि पाळीची तारीखही ही गोळी सरकवत नाही.

तुम्हाला चालेल का, याचं उत्तर तुमच्या जुन्या आजारांत आहे. पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा डोळ्याच्या पडद्यात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, पक्षाघात झाला असेल, तर ही गोळी नको. बूच टिकवणारं औषध नको असलेली गुठळीही टिकवू शकतं. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी, पट्टी किंवा रिंग चालू असेल तर दोन्ही मिळून धोका वाढतो, तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा. मला विचारणाऱ्या एका मैत्रिणीचं नेमकं हेच होतं, आणि "ते काय औषध थोडंच आहे" म्हणून ती सांगणारच नव्हती. फिट्स येत असतील तरी नको. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध साठत जातं, म्हणून डोस कमी करावा लागतो किंवा देतच नाहीत. लघवीतून रक्त जात असेल तर तिथे गुठळी अडकू शकते. गरोदर असण्याची शंका असेल तर आधी चाचणी, कारण ते रक्त पाळीचं नसेलही.

घेताना एकच पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा नजर वा रंग वेगळे दिसू लागले, तर पुढचा डोस घ्यायचा नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

नीट मोजून घेऊनही तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर गोळ्या वाढवू नका, परत जाऊन तपासून घ्या. माझ्या बाबतीत सोनोग्राफीत छोटी गाठ निघाली, आणि हिमोग्लोबिन नऊवर आलेलं. ते गोळीने भरून येत नाही, त्यासाठी लोहाच्या गोळ्या वेगळ्या चालू आहेत.